शाळेला दिलेलं पत्र

उजनीच्या बॅकवॉटरला लागून करमाळा तालुक्यात आमची वस्ती आहे. ऊस आणि केळी ही आमची पिकं. आमच्या धाकट्याला अध्ययन अक्षमता आहे हे तो नववीत असताना तपासणीतून कळलं. तिथून दहावीच्या परीक्षेपर्यंत काय काय घडलं ते लिहिते. आमच्या भागात अशी आणखी मुलं आहेत. त्यांच्या घरच्यांना आमच्याइतके हेलपाटे पडू नयेत.

मुलगा बोलायला हुशार. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, धरणाचे टक्के. उजनीत एकूण 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं तळाचं सुमारे 63 टीएमसी पाणी मृतसाठा धरतात. त्यामुळे धरणात डोळ्यांना पाणी दिसत असतं आणि पेपरात आकडा मात्र मायनसमध्ये येतो. हे मायनसचं गणित आमच्या घरात सगळ्यांना त्याने समजावून सांगितलं. मोटारीचा पाईप अजून किती पुढे टाकावा लागेल याचा अंदाजही तोच बांधायचा. आणि हाच मुलगा विज्ञानाच्या चाचणीत 20 पैकी 3 मार्क घेऊन यायचा.

नववीच्या पहिल्या चाचणीचा पेपर मी नीट बघितला. 'प्रकाशाचे परावर्तन' याचं त्याने 'परकशाचे परतवन' केलं होतं. पुढच्या ओळीत तोच शब्द वेगळाच लिहिला होता. रफार कुठेच नव्हता. जोडाक्षर आलं की एक अक्षर गायब. प्रश्नपत्रिकेवर छापलेला शब्द उत्तरात उतरवतानाही चुकलेला. निम्मे प्रश्न तर सोडूनच दिले होते. तोच प्रश्न मी त्याला तोंडी विचारला. आपाती किरण, परावर्तित किरण, दोन्ही कोन सारखे, सगळं बरोबर सांगितलं. वर भिंतीवरच्या आरशात दाखवलंही.

वर्गशिक्षिका बाई चांगल्या होत्या. त्याच म्हणाल्या, हा आळस दिसत नाही, एकदा दाखवून घ्या. त्यांच्या ओळखीने आम्ही एका समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी मुलाशी अर्धा तास गप्पा मारल्या, थोडं लिहून घेतलं आणि लेटरपॅडवर चार ओळींचं पत्र दिलं. मुलाला डिस्लेक्सिया असल्याचे दिसते, तरी शाळेने सहकार्य करावे, अशा अर्थाचं. ते घेऊन आम्ही शाळेत गेलो.

मुख्याध्यापक सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "सहकार्य म्हणजे मी नक्की काय करू?" त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. लेखनिकाचं मी विचारलं, तर म्हणाले, "ते बोर्डाच्या परवानगीशिवाय होत नाही. आणि उद्या दुसऱ्या पालकांनी असंच पत्र आणलं तर?" तेव्हा मला फार राग आला होता. आता वाटतं, त्या पत्रावर त्यांना खरोखरच काही करता आलं नसतं. कुठली चाचणी घेतली, किती वेळ द्यायचा, कोणत्या विषयाला, काहीच त्यात नव्हतं.

पुढची वाट दाखवली ती विशेष शिक्षकांनी. समग्र शिक्षामधून तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक असतात. हे आम्हाला माहीत नव्हतं, आमच्या वस्तीवर कुणालाच माहीत नव्हतं. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारलं की त्यांचा पत्ता लागतो. या सरांनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. एक म्हणजे मानसशास्त्रज्ञांचं पत्र. ते शाळेसाठी असतं आणि त्यावर शाळेला आपल्या चाचण्या, सहामाही, वार्षिक या परीक्षांत सोय करता येते. दुसरा सरकारी दवाखान्याचा दाखला. दहावीच्या बोर्डाला तो लागतो, तिथे नुसतं पत्र चालत नाही. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून तोवर मुलाचं वर्ष वाया घालवायचं नाही. आधी पत्र, बरोबरीने दाखल्याची तयारी.

त्यांनी आणखी एक बजावलं. मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले पाहिजेत, आणि तपासणी मराठीतून झाली पाहिजे. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारे वाचायला दिले तर तो पडणारच. त्यातून त्याची अक्षमता कळत नाही, फक्त इंग्रजी कच्चं आहे एवढंच कळतं.

आम्ही जेऊरला गाडीत बसलो आणि सोलापूरला अशा एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे गेलो. मॅडमनी पहिल्या दिवशी काही तपासलंच नाही. आधी डोळे आणि कान तपासून आणा म्हणाल्या. चष्म्याची गरज असली किंवा ऐकायला कमी येत असलं तर वाचनाची चाचणी घेऊन उपयोग नाही. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मग बुद्धिमत्ता चाचणी झाली. भारतीय मुलांसाठी मलिन यांनी तयार केलेली ही चाचणी आहे, ती मराठीतून घेता येते. सोळाव्या वर्षाच्या आतल्या मुलांनाच ती लागू पडते, तेव्हा वय वाढू देऊ नये. त्यात तो सर्वसाधारण मुलांच्या पट्ट्यात बसला. तोंडी भाग चांगला होता. हे आधी का बघतात तर बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन-लेखन फार मागे असेल, तरच त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. त्यानंतर बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला. उतारा वाचणं, श्रुतलेखन, बघून लिहिणं, गणितं. निकाल असा आला की वाचन चौथीच्या पातळीचं, लेखन तिसरीच्या, गणित सातवीच्या.

तिसरीच्या हे ऐकल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. मुलगा मात्र मॅडमना विचारत होता, "म्हणजे मी ढ नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही. तुझ्या डोक्यातून कागदावर यायच्या वाटेत अडचण आहे." परतीच्या गाडीत तो बराच वेळ बोलत होता. एरवी परीक्षेच्या विषयावर तो गप्प असायचा.

आता पत्राबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिथेच आहे. मॅडमनी मला समोर बसवून पत्र लिहिलं. शाळेत एक पेपर किती तासांचा, किती मुलांमागे किती शिक्षक, रिकामी खोली आहे का, शाळा सुटल्यावर मुलगा घरी कसा जातो, हे सगळं विचारलं. मला आधी ते विचित्र वाटलं.

पत्र मुख्याध्यापकांच्या नावे होतं आणि विषयातच मागणी होती: 'लेखी परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळणेबाबत'. पहिल्या परिच्छेदात कोणत्या तारखांना कोणत्या चाचण्या घेतल्या आणि काय निष्पन्न झालं ते होतं. दुसरा परिच्छेद सगळ्यात उपयोगी पडला. त्यात त्यांनी एक साधी गोष्ट नोंदवली होती. मुलाला त्यांनी 'धरणातलं पाणी कुठून येतं, कुठे जातं' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तो चार मिनिटं सलग बोलला, भीमा, घोड, कालवे, बाष्पीभवन सगळं घेऊन. मग तेच लिहायला सांगितलं. पंचवीस मिनिटांत 38 शब्द लिहिले, त्यातले 17 चुकलेले. ती दोन्ही उत्तरं, बोललेलं टिपून घेतलेलं आणि त्याने लिहिलेलं, पत्राला जोडली होती. मुख्याध्यापक सरांनी पुढे मला सांगितलं की चाचण्यांच्या आकड्यांपेक्षा ती दोन पानं शेजारी ठेवून बघितल्यावर त्यांना कळलं.

तिसऱ्या परिच्छेदात मागणी होती, मोजून मापून. दर तासाला 20 मिनिटं जादा. म्हणजे विज्ञान, गणित, इतिहास, भूगोल असे 40 मार्कांचे दोन तासांचे पेपर असतील तर 40 मिनिटं, आणि 80 मार्कांच्या तीन तासांच्या भाषेच्या पेपरला एक तास. भाषा, विज्ञानाचे दोन्ही भाग आणि इतिहास-भूगोल यांना लेखनिक. गणिताला लेखनिक नको, प्रश्न वाचून दाखवणारं कुणी हवं. कारण आकडे त्याला लिहिता येतात, आणि अपूर्णांक दुसऱ्याला सांगत बसण्यात जास्त वेळ जातो. त्याचं घोडं शाब्दिक उदाहरणात अडतं, तेही वाचताना. आकृत्या आणि नकाशे तो स्वतः काढेल, नावं लेखनिक लिहील. शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत. स्वतंत्र खोली द्यावी, कारण उत्तरं मोठ्याने सांगावी लागतात.

शेवटी कायद्याचा आधार एका वाक्यात होता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता ही 21 दिव्यांगत्वांपैकी एक आहे आणि त्याच्या कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याचं नाव घेऊन सांगितलंय. त्याखाली मॅडमची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि फोन. हे पत्र शाळेच्या परीक्षांपुरतं आहे, मंडळाच्या परीक्षेसाठी शासकीय वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं जाईल, असंही स्पष्ट लिहिलं होतं. त्या एका ओळीने सरांची धास्ती गेली. आपण बोर्डाच्या अधिकारात हात घालतोय असं त्यांना वाटत होतं.

शाळेत पत्र देताना दोन प्रती नेल्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून पोच घेतली. विशेष शिक्षक बरोबर आले होते. त्यांनी शासनाच्या 16 ऑक्टोबर 2018 च्या निर्णयाची प्रत दिली, त्यात दहावी-बारावीच्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलती दिल्या आहेत. महाराष्ट्रात अशा मुलांना सवलती 1996 पासून मिळतायत, हे सरांनाही नवीन होतं. शहरातल्या शाळांना सवय आहे. आमच्याकडे पहिलंच मूल.

एका शिक्षकांचा प्रश्न सरळ होता: लेखनिकच उत्तरं लिहून देणार नाही कशावरून? त्यावर उपाय असा की लेखनिक खालच्या वर्गातला घ्यायचा, बोर्डातही दहावीला नववीचा किंवा त्याखालचा लागतो. शिवाय खोलीत पर्यवेक्षक असतो. मुलगा चुकीचं बोलला तर चुकीचंच लिहायचं. त्या शिक्षकांनाच सहामाहीला त्या खोलीत पर्यवेक्षक नेमलं. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

लेखनिक म्हणून शेजारच्या वस्तीवरची आठवीतली मुलगी मिळाली. अक्षर सुरेख, हात चपळ. पण परवानगी मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं, हे सहामाहीत कळलं. पहिल्या अडचणी अगदी साध्या होत्या. त्याच वेळी तिचाही पेपर असायचा. मग शाळेने नववीचे पेपर सकाळी आणि आठवीचे दुपारी ठेवले. जादा 40 मिनिटांत जेवणाची सुट्टी संपून जायची, आणि तिला लगेच आपल्या पेपरला बसावं लागायचं. ते पोरीवर अन्यायाचं होतं. मग आमच्या मुलाचा पेपर अर्धा तास आधी सुरू करायला लागले.

दुसरी अडचण मोठी होती. मुलाला सांगता येईना. आमच्याशी घडाघडा बोलणारा मुलगा लेखनिकासमोर गप्प बसला. इतिहासाच्या पेपरला तो एका दमात सगळं उत्तर बोलून मोकळा झाला आणि ती म्हणाली, "दादा, पहिलं वाक्य काय होतं?" ते त्याला परत आठवेना. जादा वेळ मिळूनही पेपर अर्धा राहिला. घरी येऊन म्हणाला, मला नको लेखनिक, मी लिहीन तसंच.

विशेष शिक्षकांनी सांगितलं की लेखनिकाला सांगणं हे शिकावं लागतं. त्यांनी पद्धत घालून दिली. प्रश्न वाचून झाला की आधी बोटांवर मुद्दे मोजायचे. मुद्दा एक, दोन, तीन. मग अर्धं वाक्य सांगायचं आणि थांबायचं. तिचं पेन थांबलं की पुढचं अर्धं. पूर्णविराम, नवा परिच्छेद, खाली रेघ मार, हेसुद्धा तोंडाने म्हणायचं. उत्तर संपलं की तिच्याकडून वाचून घ्यायचं. रविवारी ती आमच्याकडे यायची आणि केळीच्या वखारीच्या ओसरीवर दोघं जुने पेपर सोडवायची. भाषेच्या पेपरात निबंध सगळ्यात जड गेला, कारण तो लांब. त्यासाठी त्याला कच्च्या कागदावर चित्रं काढायची मुभा होती. चार छोटी चित्रं, चार परिच्छेद. हे त्याने स्वतःच शोधून काढलं.

वार्षिक परीक्षेत विज्ञानाला 40 पैकी 27 आले. पूर्वी तो दहाच्या वर गेला नव्हता. इंग्रजी अजूनही काठावर. हिंदीही. लेखनिकाने न आलेला धडा येत नाही, हे त्यालाही कळलं आणि आम्हालाही.

दाखल्याचं काम याच काळात चालू होतं. अर्ज ऑनलाईन करावा लागतो, swavlambancard.gov.in वर. आधार, फोटो, पत्ता भरून दवाखाना निवडायचा. मग बोलावणं येतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ असं मंडळ बघतं. आम्ही सोलापूरचा पूर्ण रिपोर्ट, डोळ्या-कानाचे कागद आणि त्याच्या पाचवीपासूनच्या वह्या, पेपर नेले. वह्या जरूर न्याव्यात. रद्दीत घालू नयेत. ही अडचण आजची नाही, वर्षानुवर्षांची आहे, हे त्यावरून दिसतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा संबंधित डॉक्टर रजेवर होते, पुढची तारीख मिळायला महिना गेला. निघण्याआधी फोन करून विचारून घेणं बरं.

वयाचंही एक आहे. अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षानंतर मिळतो, आणि चौदाव्या आणि अठराव्या वर्षी परत तपासणी असते. आमच्या मुलाला चौदा पूर्ण झाले होते, म्हणून तोच दाखला दहावीला चालला. सहावी-सातवीत दाखला घेतला असेल तर चौदाव्या वर्षीची तपासणी विसरू नये, नाहीतर ऐन दहावीत अडचण येते.

घरात सासूबाईंना दाखला मान्य नव्हता. "धडधाकट पोराला अपंग कशाला म्हणवता," त्या म्हणायच्या. पुढे लग्नाच्या वेळी कुणी काढलं तर? मला उत्तर सुचायचं नाही, कारण 'दिव्यांगत्व प्रमाणपत्र' हे शब्द त्याच्या नावापुढे वाचताना मलाही जड गेलं होतं. मुलानेच ते मिटवलं. म्हणाला, आजी, तुला चष्मा आहे तसं आहे.

दहावीचे फॉर्म भरताना शाळेने दिव्यांग विद्यार्थ्याच्या रकान्यात नोंद केली आणि पुणे विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवला. सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो. दाखला, शाळेची शिफारस, लेखनिकाचा फोटो आणि तिच्या वर्गाचा दाखला, तिच्या वडिलांचं संमतीपत्र. या वेळी ती नववीत होती, म्हणजे नियमात बसत होती. तरी आठवीतल्या आणखी एका मुलाला राखीव म्हणून तयार ठेवलं. ऐन पेपरच्या दिवशी ताप आला तर दुसरा माणूस आणायचा कुठून? मंडळाचं मंजुरीपत्र हातात आल्यावर त्याच्या चार झेरॉक्स काढल्या. परीक्षेच्या आधी केंद्रावर जाऊन केंद्रसंचालकांना एक देऊन आलो.

एवढं करूनही पहिल्या पेपरला गडबड झालीच. दोन्ही मुलं आत गेल्यावर एका पर्यवेक्षकांनी वेळ झाली म्हणून पेपर मागितला. मुलाने मंजुरीपत्राची झेरॉक्स काढून त्यांच्यासमोर ठेवली. ती त्याच्या खिशात होती म्हणून बरं. आपण पालक फाटकाबाहेर असतो, आत काय चाललंय ते कळत नाही. 2021 साली नीट परीक्षेत मुंबईत कांदिवलीच्या केंद्रावर लेखनदोष असलेल्या एका मुलीला तिचा हक्काचा जादा तास दिला गेला नव्हता. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं म्हटलं, पण परीक्षा परत घ्यायला काही सांगितलं नाही. विशेष शिक्षकांनी हे मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं. एकदा पेपर काढून घेतला की पुढे न्याय मिळूनही ती मिनिटं परत येत नाहीत, तेव्हा जागेवरच बोलायचं.

मुलगा 61 टक्क्यांनी पास झाला. सध्या अकरावीला आहे. कॉलेजने सगळे कागद नव्याने मागितले, तेव्हा मॅडमकडून कॉलेजच्या पेपरांचे तास धरून नवं पत्र घेतलं. जुनी लेखनिक आता स्वतः दहावीला आहे, तिला त्रास देणं बरोबर नाही. बारावीच्या परीक्षेला अकरावीचा किंवा त्याखालचा लेखनिक लागेल. गावातला एक नववीचा मुलगा तयार झालाय, रविवारपासून त्यांची तयारी सुरू होईल. पत्राचा नमुना कुणाला पाहायचा असेल तर माझ्याकडे आहे. मुलाचं नाव आणि आकडे झाकून मी तो दोन घरांना दिलाय.